पंपाकडून निळी चांगली

आमच्या सबस्टेशनच्या मागे एक लांबट खोली होती. तिला कागदोपत्री ‘परीक्षण विभाग’ म्हणायचे. त्या विभागात माणूस एकच, मेगरताई. मी तेव्हा शेजारच्या खोलीत स्टोअर सांभाळायचो. मधल्या भिंतीला वरून फूटभर जागा उघडी होती, त्यामुळे त्यांच्या खोलीत काय चाललंय ते मला न बघता कळायचं. म्हणजे बहुतेक वेळा काहीच चाललेलं नसायचं. दुपारी डबा उघडल्याचा आवाज, मग डबा बंद केल्याचा. मधल्या वेळात एक शब्द नाही.

मेगर म्हणजे केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. तारेवर मोठं व्होल्टेज सोडायचं आणि तारेभोवतीचं आवरण ते किती रोखून धरतंय ते काट्यावर बघायचं. आवरण धडधाकट असेल तर काटा हजारांत जातो, कुठे जमिनीला टेकलं असेल तर शून्याकडे पडतो. ताई हे यंत्र पंचवीस वर्षं वापरत होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते मलाही आठवायला वेळ लागतो. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मेगरताईच म्हणायचे.

वय चोपन्न. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. कामावरून दहा मिनिटांवर दोन खोल्या. आईवडील त्या नऊ वर्षांच्या असतानाच गेले. थोरला भाऊ तेव्हा अठराचा होता. त्यानं शिक्षण सोडलं, केबल जोडणाऱ्याच्या हाताखाली लागला आणि या धाकट्या बहिणीला वाढवलं. तिची वेणीसुद्धा तोच घालायचा, आणि वेणी इतकी घट्ट व्हायची की दिवसभर भुवया ताणलेल्या राहायच्या. हे ताईंनीच मला एकदा सांगितलं होतं आणि सांगताना त्या हसल्या होत्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते मोजून तीनचार वेळा.

पुढे तो भाऊ आमच्याकडचा सगळ्यात नावाजलेला जॉइंटर झाला. जमिनीखालच्या दोन केबल एकमेकींना जोडणं हे नाजूक काम. तार तारेला घट्ट दाबून बसवायची, वर थरावर थर चढवायचे, आणि ओल शिरायला केसाएवढीही फट ठेवायची नाही. दादाच्या हातचा जोड म्हटला की साहेब लोक डोळे झाकून सही करायचे. बहिणीला परीक्षण विभागात लावून दिलं ते त्यानंच. मग वर्षानुवर्षं असं चालायचं, की ताई बिघाड कुठे आहे ते सांगायच्या आणि दादा तिथे खड्ड्यात उतरून तो दुरुस्त करायचा. खड्ड्याच्या काठावर बसून दोघं एका डब्यात जेवायचे.

हे सगळं एका दिवसात संपलं.

मी सांगतोय त्या घटनेच्या सहा वर्षं आधी, पाण्याच्या पंपहाउसला जाणारी केबल बसली, म्हणजे बिघडून बंद पडली. ताईंनी बिघाड शोधला आणि तो नेमका दादाच्या जोडात निघाला. जोड उघडला तर एका बाजूची स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवायची नळी, नीट चिकटलेलीच नव्हती. आत ओल. तेव्हाचे साहेब म्हणाले, “ताई, कारणाच्या रकान्यात ‘जुनी केबल’ लिहा. माणूस दोन महिन्यांत रिटायर होतोय.” ताईंनी लिहिलं ते असं: जोड सदोष, स्लीव्ह पूर्ण चिकटलेली नाही. जे दिसलं ते लिहिलं.

तो कागद दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागला. दादा सकाळी हजेरी लावायला आला आणि चार माणसांच्या मागे उभा राहून त्यानं तो वाचला. त्यातला एकजण म्हणालाही, “घ्या, घरचाच आहेर.” दादानं तो जोड पुन्हा नव्यानं केला, दोन दिवस खपून, कुणाला हात लावू न देता. तो त्याच्या नोकरीतला शेवटचा जोड. निरोपाच्या कार्यक्रमाला तो आलाच नाही. ताई त्याच्या घरी गेल्या तेव्हा दारातच म्हणाला, “लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस. पण आधी मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?” आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर बोलणं बंद. चार वर्षांनी वहिनी गेल्या, तेव्हा ताई माणसांच्या मागे उभ्या होत्या, एखाद्या लांबच्या ओळखीच्या बाईसारख्या. दादानं पाहिलं. पाहिलं आणि मान फिरवली. म्हणजे आता एकाच गावात, पायी वीस मिनिटांच्या अंतरावर, दोन माणसं आपापल्या घरात एकेकटी जेवत होती.

तर त्या दिवशी सकाळी पावणेसातला तीच पंपहाउसची केबल पुन्हा बसली.

पंपहाउसवर डिझेलवर चालणारा एक छोटा पंप होता, पण तो उंचावरच्या टाकीपर्यंत पाणी चढवू शकत नव्हता. टाकीत दुपारपर्यंत पुरेल एवढंच पाणी. टाकीखाली निम्मी वस्ती आणि एक दवाखाना. नऊच्या सुमारास आमचे धाकटे साहेब (वयानं तिशीचे, मनानं चांगले, पण फोन वाजला की घाम फुटायचा) खोदणारं मशीन घेऊनच निघाले.

“कुठे निघालात?” ताईंनी विचारलं.

“जोडावर. पंपापासून चारशे तीस मीटर, तिथे दगडाची खूण आहे. मागच्या वेळी तिथेच होतं ना?”

“मागच्या वेळी होतं.”

“मग ताई, त्याच माणसाचा जोड, तीच केबल. आणखी काय हवं?”

मी स्टोअरच्या दारात उभा होतो. ताईंचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी नुसतं मेगरचं खोकं उचललं आणि म्हणाल्या, “बारापर्यंत वेळ द्या. मशीन उभं राहू द्या, पण दात जमिनीला लावायचे नाहीत. जोड चांगला असला आणि तुम्ही तो उखडलात, तर एकाचे दोन बिघाड होतील.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, कपाळ पुसलं. “बारा. त्यापुढे एक मिनिट नाही.”

केबलची लांबी एक हजार सहाशे चाळीस मीटर. एक टोक आमच्याकडे, दुसरं पंपहाउसमध्ये. तिकडच्या टोकाला ताईंनी पैलवानला पाठवलं. पैलवान म्हणजे आमचा लाइनमन, अंगानं काडी, म्हणूनच ते नाव. दोन्हीकडचे स्विच बंद, कुलपं, पाट्या, परमिट, मग दोन्ही टोकं अर्थला, म्हणजे जमिनीला, टेकवून केबल मेलेली असल्याची खात्री. हे सगळं झाल्याशिवाय ताई तारेला बोट लावत नसत आणि कुणाला लावू देत नसत. मग दोन्हीकडची टोकं सोडवून मोकळी केली. फोनवर पैलवानला बजावलं, “तिन्ही फेज हवेत लांब लांब. कशालाही टेकता कामा नये. आणि तू तिथेच थांबायचं, कुणी जवळ आलं तर हाकलायचं.”

केबलमध्ये तीन तारा, म्हणजे तीन फेज. लाल, पिवळी, निळी. ताईंनी लाल आणि जमीन यांच्यामध्ये मेगर लावला. काटा सरसर चढला, बावीसशे. तार रिकामी करायला अर्थचा दांडा लावून थांबल्या, कारण तपासणीनंतरही एवढी लांब केबल अंगात व्होल्टेज धरून ठेवते. मग पिवळी. एकवीसशे. मग निळी.

काटा हललाच नाही. शून्याला चिकटून बसला.

“अर्थ फॉल्ट!” साहेब मागून म्हणाले. “निळी जमिनीला टेकली. मागच्या वेळीही असंच होतं. आता तरी चला.”

मागच्या वेळीही निळीच होती. ताईंना ते आठवत नसेल असं थोडंच आहे? पुढे त्या मला म्हणाल्या, “त्या क्षणी वाटलं, पुन्हा तोच. पुन्हा मलाच लिहावं लागणार.” पण हात थांबले नाहीत. लाल-पिवळी, पिवळी-निळी, लाल-निळी असं आपसातही तपासलं. तारांचं एकमेकींशी काही भांडण नव्हतं. निळीचं भांडण फक्त जमिनीशी.

“साहेब, हे अर्धं झालं,” त्या म्हणाल्या.

“अर्धं कसं?”

“आवरण फाटलंय एवढं कळलं. तार सलग आहे की तुटलीय ते कुठे कळलं?”

त्यांनी पैलवानला सांगितलं, की तिकडे तिन्ही टोकं एकत्र बांध. म्हणजे इकडून लालमधून सोडलेला करंट तिकडे वळून पिवळीतून परत यायला हवा. लाल-पिवळीत लावलं, अर्धा ओहम. आला परत. तारा सलग. लाल-निळीत लावलं. काही नाही. पिवळी-निळीत लावलं, काही नाही.

“पैलवान, निळी नीट आवळलीस का रे?”

“ताई, पान्यानं आवळलीय.”

“सोड, घासून घे, परत आवळ.”

त्यानं तसं केलं. पुन्हा तेच. निळीतून काहीच परत येत नव्हतं. म्हणजे निळी तार मध्ये कुठेतरी तुटलेली होती.

ताईंनी तिकडची बांधलेली टोकं पुन्हा सुटी करायला सांगितली आणि मेगर उचलून साहेबांबरोबर जीपमध्ये बसल्या. पंपहाउसला पोचल्या तेव्हा साडेदहा झाले होते. डिझेल पंपाचा धूर, ओली फरशी, कोपऱ्यात पैलवान भिंतीला टेकून उभा. या टोकाकडून त्यांनी निळी आणि जमीन यांच्यात मेगर लावला.

काटा चढला. पाचशे, सहाशे, सहाशे चाळीसवर थांबला. इतर दोघींइतका नाही, पण उत्तम.

“पंपाकडून निळी चांगली,” ताई म्हणाल्या. हे त्या स्वतःशीच म्हणाल्या असं पैलवान सांगतो. मग साहेबांकडे वळल्या. “एकच तार, एका टोकाकडून मेलेली आणि दुसऱ्या टोकाकडून धडधाकट. तुटलीय ती. सबस्टेशनकडचा तुकडा जमिनीला टेकलाय, पंपाकडचा तुकडा कशालाही न टेकता सुटा आहे. मी नुसता तिकडूनच मेगर लावून थांबले असते तर आपण अर्थ फॉल्ट समजून बसलो असतो.”

“मग जागा कशी काढायची? बिघाडाचं अंतर काढायचा ब्रिज लावा.”

“ब्रिजला निळीतून पुढे जाऊन परत यायची वाट लागते. वाटच तुटलीय.”

दुसऱ्या विभागाकडे पल्स सोडून अंतर सांगणारी गाडी होती, पण ती दोन दिवसांच्या अंतरावर दुसऱ्या कामावर. ताईंकडे एक छोटा मीटर होता, तारेची कपॅसिटन्स मोजणारा. त्याचं तत्त्व सोपं. तार जेवढी लांब, तेवढा ती जास्त चार्ज साठवते. पूर्ण लांबीच्या चांगल्या तारेत किती मावतो ते बघायचं, तुटक्या तुकड्यात किती मावतो ते बघायचं, आणि प्रमाण काढायचं. पण तुकड्याचं आवरण चांगलं असेल तरच हे जमतं. म्हणून हे माप पंपाकडूनच घेता येणार होतं.

तारा नीट रिकाम्या करून त्यांनी मीटर लावला. लाल, शून्य पूर्णांक चारशे ब्याण्णव. पिवळी जवळपास तेवढीच. निळी, शून्य पूर्णांक एकशे ब्याऐंशी. पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. सदतीस टक्के. एक हजार सहाशे चाळीसचे सदतीस टक्के म्हणजे सहाशे सात मीटर.

दादाचा जोड होता चारशे तीसवर. बिघाड त्याच्यापासून पाऊणदोनशे मीटर पुढे.

“साहेब, मशीन जोडावरून हलवा,” ताई म्हणाल्या.

सहाशे सात मीटर मोजायला चाक घेऊन सगळे निघाले. नकाशात केबल रस्त्याच्या कडेनं सरळ रेघ. चाक सहाशे सातवर आलं ते एका कपडे इस्त्री करणाऱ्या दुकानासमोर. जुनी दगडी फरशी, शेवाळ धरलेली. वर्षानुवर्षं इथे कुणी कुदळ मारलेली नव्हती. दुकानदारही म्हणाला, “इथे? माझ्या डोळ्यांदेखत तरी कुणी खणलं नाही, आणि मी दिवसभर इथेच असतो.”

साहेब म्हणाले, “ताई, पावणेबारा.”

ताई त्या फरशीकडे बघत राहिल्या. माप चुकलं असेल का? प्रमाण बरोबर होतं. केबल चाकाबरोबर सरळ चालते असं मात्र कुणी सांगितलं? नकाशा काढणाऱ्यानं पट्टी ठेवून रेघ मारली होती. खाली केबल कुठे वळलीय, कुठे जादा ठेवलीय, हे ती टाकणाऱ्यालाच ठाऊक. ही केबल एकोणीस वर्षांपूर्वी टाकली तेव्हा खड्ड्यात उभी असलेली माणसं, एक गेला, दोघं गाव सोडून गेले. उरला एक.

त्यांनी दादाला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. बंद.

“मला वीस मिनिटं द्या,” त्या म्हणाल्या. साहेब काही बोलायच्या आत पैलवाननं जीप सुरू केली होती.

पुढचं मला ताईंनीच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, आणि सलग नाही, तुकड्यातुकड्यानं.

दार उघडंच होतं. दादा खुर्चीवर बसून मटार सोलत होता, मांडीवर वर्तमानपत्र. फोन समोरच्या फळीवर. शेजारी वहिनींचा चष्मा, तसाच, काड्या मिटलेला. दुसरी एक खुर्ची होती, तिच्यावर रद्दी. ताई उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. दादानं वर पाहिलं आणि पुन्हा शेंगेकडे बघायला लागला. खूप बारीक झाला होता. मानेवरची कातडी सैल.

“पंपहाउसची केबल बसलीय,” ताई म्हणाल्या.

शेंग हातात थांबली. “माझा जोड?”

“नाही.”

“उघडलात?”

“उघडला नाही. उघडू दिला नाही.”

“मग नाही म्हणून कशावरून सांगतेस?”

“निळी सबस्टेशनकडून शून्य. तिकडे तिन्ही बांधून बघितल्या तर निळी परत येत नाही. आणि पंपाकडून सहाशे चाळीस.”

दादा थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. ओठ हलत होते. मग म्हणाला, “पंपाकडून चांगली. म्हणजे तुटलीय, आणि अलीकडचं टोक टेकलंय.”

“हो.”

“किती निघाली?”

“सदतीस टक्के. पंपापासून सहाशे सात. पण चाकानं गेलं तर इस्त्रीवाल्याच्या दारात जातं. तिथे जमीन हललेलीसुद्धा नाही.”

“जाणारच,” दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा जुनी खाष्ट ऐट आली. “नकाशावाल्यानं कधी खड्डा बघितलाय का? पंपहाउसच्या भिंतीबाहेर आठ मीटरचा वेढा ठेवलाय. पुढे कधी टोक नव्यानं करावं लागलं तर हाताशी असावा म्हणून मीच ठेवायला लावला. आणि रस्त्याखालच्या मोरीपाशी केबल सरळ जात नाही. तिथे पाण्याचा नळ आडवा आला, म्हणून खाली उतरवून वळसा घेतला. चौदा मीटर जास्तीचे. जोडाच्या पुढची मोरी, बरं का, आधीची नव्हे.”

आठ आणि चौदा बावीस. सहाशे सातातून बावीस गेले, पाचशे पंच्याऐंशी.

ताई निघायला वळल्या. मग थांबल्या. सहा वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते असं उभ्याउभ्या, जीपचं इंजिन चालू असताना म्हणावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “दादा, तेव्हा कागद लावायच्या आधी मी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी घाबरले. तुझा चेहरा बघून माझ्याच्यानं लिहवलं नसतं, म्हणून आले नाही.”

दादा उठला, दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी उचलून खाली ठेवली. खुर्ची मोकळी झाली. पण ताईंना बसायला वेळ नव्हता. “लोक थांबलेत,” त्या म्हणाल्या. “जा मग,” तो म्हणाला. रद्दी उचलण्यात त्याचा काय अर्थ होता हे त्याला विचारायचं राहूनच गेलं, असं ताई मला म्हणाल्या.

पाचशे पंच्याऐंशीवर बसथांब्याची नवी पाटी होती. लोखंडी खांब, पायाला ताजं काँक्रीट. तीन आठवड्यांपूर्वी उभा केलेला. साहेबांनी खांबाकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि डोक्यावर हात मारला.

मशीन नुसतं बाजूला उभं केलं. हातानं खणलं, कारण तिथे पाण्याचा नळही होता. तीन फुटांवर केबलवर घातलेल्या इशाऱ्याच्या विटा लागल्या, त्यातल्या दोन फुटलेल्या. खांबासाठी भोक पाडणाऱ्या गिरमिटानं केबलला कड मारून ओढलं होतं. वरची पोलादी पट्टी आत दबलेली, आवरण एका बाजूनं उघडं. तीन आठवडे तशीच धकली, मग त्या सकाळी निळीनं आत जाळ धरला आणि तार वितळून तुटली. एक टोक काळं पडून पट्टीला चिकटलेलं. दुसरं बोटभर मागे सरकलेलं, मोकळं. लाल आणि पिवळीला धक्काही नव्हता.

सगळे खड्ड्यात वाकून बघत होते. साहेब फोनवर वरच्यांना जोरजोरात सांगत होते, की आम्ही नेमकी जागा काढली. ‘आम्ही’ ऐकून पैलवान माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मी तोपर्यंत नवीन केबलचा तुकडा घेऊन पोचलो होतो. ताई मात्र काठावर नव्हत्या. त्या जरा लांब, जीपच्या पायरीवर बसून पाणी पीत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, “ताई, अगदी हातभरसुद्धा चुकलं नाही.” त्या म्हणाल्या, “बावीस मीटर चुकलं होतं. सुधारलं ते मी नाही, दादानं.”

साहेबांना काहीतरी सुचलं. ते येऊन म्हणाले, “ताई, दादांना बोलवू या का? बघतील तरी. त्यांनाही बरं वाटेल.”

“नको,” ताई म्हणाल्या. “त्याला बघायचं असेल तर तो येईल.”

तो आला नाही. खराब भाग कापून नवा तुकडा घातला, त्याला दोन जोड. ठेकेदाराच्या जॉइंटरनी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केले. तेवढ्या वेळात दवाखान्याला टँकरनं पाणी पुरवलं. ताईंनी पुन्हा दोन्ही टोकांकडून मेगर लावला, सलगता तपासली, फेज जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं, आणि चारच्या सुमारास केबल चालू झाली. पंप फिरायला लागला तेव्हा पंपहाउसमधला ऑपरेटर टाळ्या वाजवत होता. टाकीखालच्या वस्तीत नळाला पाणी आलं. एक दिवस उशिरा आलं, पण कुणामुळे आलं ते कुणाला कळलंही नाही.

अहवाल त्यांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. कारण, खांबाच्या खोदाईत केबलला इजा. खाली एक ओळ जास्तीची होती: ‘चारशे तीस मीटरवरचा जोड तपासणीत निर्दोष. मार्गातील जादा लांबीची माहिती निवृत्त जॉइंटर यांच्याकडून.’ मग फोन लावून त्यांनी तो अख्खा कागद दादाला वाचून दाखवला. दादानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “निवृत्त शब्द घालायलाच हवा होता का?” ताई म्हणाल्या, “नियम आहे.” फोन बंद झाला. अहवाल मग बोर्डावर लागला आणि दोनचार दिवसांत दुसऱ्या कागदांखाली गेला.

यानंतर बहीणभाऊ पुन्हा पहिल्यासारखे झाले असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या रविवारी ताई त्याच्याकडे गेल्या. खुर्ची मोकळी होती, रद्दी परत तिच्यावर चढलेली नव्हती. त्यांनी चहा घेतला. दादानं लाल-पिवळीचे आकडे विचारले, कपॅसिटन्सचा मीटर कुठल्या बनावटीचा आहे ते विचारलं, वहिनींच्या आजारपणाबद्दल एक वाक्य बोलला आणि मध्येच थांबला. ताईंनीही ते पुढे नेलं नाही. सहा वर्षांत दोघांनाही एकेकटं राहायची सवय लागून गेली होती. दुसरं माणूस खोलीत असलं की भांडी कुठे ठेवायची ते कळेनासं होतं, असं त्या म्हणाल्या.

महिन्यातून एखाद्या रविवारी जायच्या. तासभर बसायच्या. कधी तो दारापर्यंत यायचा, कधी नाही. एकदा त्यानं स्वतःहून फोन केला होता, पण त्या खड्ड्यात होत्या आणि उचलता आला नाही. परत केला तेव्हा म्हणाला, “काही नाही, चुकून लागला.”

चार वर्षांनी ताई रिटायर झाल्या. निरोपाला त्या आल्या, पण भाषण नको म्हणाल्या. मेगर आणि तो छोटा मीटर त्यांनी माझ्या स्टोअरला जमा केला, पावती घेतली, आणि दोन्ही खोक्यांच्या आत तारा कशा गुंडाळायच्या ते मला नीट दाखवलं. संध्याकाळी फाटकाबाहेर रिक्षा मिळेना, म्हणून त्या पायीच निघाल्या. मी खिडकीतून बघत होतो. कोपऱ्यावर थांबून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. डावीकडे त्यांचं घर, उजवीकडे दादाचं. थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग मला कुणीतरी हाक मारली, आणि परत बघितलं तेव्हा कोपरा रिकामा होता.